बदललेलं कुलूप: सहवारसाला पाठवलेल्या एका नोटिशीची हकीकत

हे प्रकरण वकील म्हणून मी स्वतः चालवलं. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही आकडे गोल केले आहेत. घटनांचा क्रम आणि कागदांतला मजकूर मात्र होता तसाच आहे.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांनी पगारातून पैसे साठवून गावठाणात जुनं कौलारू घर विकत घेतलं: तीन खोल्या, माजघर, मागे परस. म्हणजे घर वडिलार्जित नव्हे, त्यांचं स्वकष्टार्जित. ते २०१२ साली वारले, मृत्युपत्र न करता. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा आला. आई २०२१ च्या सुरुवातीला गेली, तिचा चौथा हिस्सा तिन्ही मुलांत समान वाटला गेला आणि प्रत्येकाचा एक-तृतीयांश झाला. हिशेब इतका सरळ. पण मालमत्ता पत्रकावर २०२३ सालीही वडिलांचंच नाव होतं. अकरा वर्षांत नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्जही कुणी दिला नव्हता.

थोरले सांगलीत दुकान चालवतात, गावापासून तासाभरावर. मधली बहीण, म्हणजे ताई, पुण्यात, धाकटा ठाण्याला. आई होती तोवर घराच्या तीन किल्ल्या होत्या, तिघांकडे एकेक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात कमरेच्या वर पाणी चढलं. पाणी उतरल्यावर गाळ उपसण्यापासून भिंती, फरशी, वायरिंग, संडासाची टाकी इथपर्यंत सगळं थोरल्यांनी केलं. बाकीच्या दोघांनी फोनवर विचारपूस केली, धाकट्याने वीस हजार पाठवले. थोरल्यांच्या म्हणण्याप्रमाणे खर्च चार लाखांच्या घरात गेला. हे आधीच सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्याची मुळं इथे आहेत, आणि ताईंनी पहिल्या भेटीत ही गोष्ट मला सांगितलीच नव्हती.

अडचण

घराण्याचा गणपती या घरात बसतो. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. ताई आणि धाकटे २९ तारखेला दुपारी गावात पोचले. कडीला नवं, जाड पितळी कुलूप. दोघांकडच्या किल्ल्यांपैकी एकही लागेना. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "आठ दिवसांमागं तुमच्या दादानं बदललंय." फोनवर थोरले म्हणाले, "आधी माझे चार लाख ठेवा, मग घरात पाऊल टाका. आईच्या आजारपणात कोण होतं इथं?" त्या वर्षीचा गणपती शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसला.

दोघे पोलीस ठाण्यात गेले. तिथे अदखलपात्र नोंद झाली आणि नेहमीचं वाक्य ऐकायला मिळालं: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मग दिवाळी झाली, मामांनी मध्यस्थी करून पाहिली, संक्रांतही गेली. माझ्याकडे ते फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आले.

समोर काय काय होतं

धाकट्यांना कुलूप तोडायचं होतं. "घर माझंही आहे, माझ्याच घराचं कुलूप तोडलं तर गुन्हा कसला?" तर्क चुकीचा नव्हता. पण कुलूप तुटलं की दुसऱ्या दिवशी थोरल्यांची तक्रार आली असती, आईचे दागिने कपाटात होते ते गेले म्हणून. आत काय आहे याची यादी कुणाकडेच नव्हती. ते खरं की खोटं हे ठरेपर्यंत धाकट्यांना ठाणे ते सांगली खेटे घालावे लागले असते. हा मार्ग मी पहिल्याच बैठकीत बंद केला.

दुसरा मार्ग विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ चा. संमतीशिवाय, कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मिळू शकतो. २९ ऑगस्टपासून मोजलं तर आमच्या हातात जेमतेम अठरा दिवस होते. यावर मी दोन रात्री विचार केला. मला नको वाटण्याचं एक कारण असं की सहहिस्सेदारांमधल्या संयुक्त ताब्याला हे कलम कितपत लागू पडतं यावर समोरचा वकील महिनोन् महिने वाद घालू शकतो. दुसरं, त्या निकालावर अपील नाही, हरलो तर तिथेच अडकलो. आणि जिंकलो तरी हातात एक किल्ली येते. हिस्से, पुराचा खर्च, घराचं पुढे काय करायचं, हे सगळं तसंच राहतं. कलम ६ सोडलं. सप्टेंबरात आले असते तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

राहिला वाटपाचा दावा. त्याआधी नोटीस द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस सरकारविरुद्धच्या दाव्यासाठी असते, भावाविरुद्धच्या नव्हे. मग नोटीस कशाला? पुष्कळांना वाटतं की वकिलाचा कागद गेला की माणूस घाबरतो. घाबरत नाही, तोही वकील गाठतो. मला नोटीस हवी होती ती दोन कारणांसाठी. एक, आम्ही किल्ली मागितली आणि त्यांनी नाकारली हे तारखेसह कागदावर यावं. सहहिस्सेदारांमध्ये एकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा मानतात. एकटा राहतो म्हणून तो भाडं देणं लागत नाही की मालक होत नाही. हक्क उघडपणे नाकारून बाकीच्यांना बाहेर ठेवलं, तिथपासून चित्र बदलतं, आणि ती तारीख सिद्ध करावी लागते. दुसरं कारण, उत्तर आलं तर थोरल्यांची बाजू दाव्याआधी कळणार होती. दाव्याला कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात, म्हणजे कैफियतीत, माणूस विचार करून बोलतो, नोटिशीच्या उत्तरात बरेचदा रागाने बोलतो.

मसुदा

ताईंनी मजकूर घरूनच लिहून आणला होता, वहीची चार पानं. त्यातलं दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य असं: "आई-वडिलांच्या पश्चात गेली दहा वर्षे आपण आम्हांस सदर घरात पाऊलही ठेवू दिलेले नाही."

मी विचारलं, "२०२१ मध्ये आईच्या तेराव्याला तुम्ही कुठे उतरला होता?"

"घरातच की."

"मग दहा वर्षं कुठून आली?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, तसंच वाटतं हो."

वाटणं खरं असेल, पण हे वाक्य नोटिशीत गेलं असतं तर आम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलं असतं की थोरल्यांनी २०१३ पासून आमचा हक्क नाकारला आहे. बारा वर्षांची मुदत तिथून मोजायला त्यांना आमचाच कागद पुरला असता. दावा लांबला, दुरुस्त्या झाल्या, की २०२५ फार दूर नव्हतं. शिवाय पुढे उलटतपासात तेराव्याचा प्रश्न आला असता आणि साक्षीदार म्हणून ताई पहिल्याच पायरीवर घसरल्या असत्या. त्या जागी लिहिलं: दि. २९/०८/२०२२ पर्यंत आमच्या अशिलांकडे घराची किल्ली होती व त्यांचा घरात मुक्त वावर होता. त्या दिवशी कुलूप बदललेले आढळले. सोबत आमच्या कागदांत त्या दिवसाची पोलीस ठाण्याची नोंद होतीच.

त्या चार पानांपैकी साडेतीन पानं गेली. वहिनींचा स्वभाव गेला, १९९८ सालच्या लग्नातला मानपान गेला. "फौजदारी कारवाई करून तुरुंगात पाठवू" हेही गेलं. जे कोर्टाकडे मागता येत नाही ते नोटिशीत लिहायचं नाही, एवढी शिस्त मी पाळतो. राहिलं ते असं: वंशावळ, घराचा सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा, वडिलांचं खरेदीखत, तिघांचे हिस्से, २९ ऑगस्टची घटना. आणि मागण्या: पंधरा दिवसांत किल्ली द्यावी, सर्वांसमक्ष दार उघडून आतल्या सामानाची यादी करावी, घर विकू, गहाण ठेवू, भाड्याने देऊ किंवा पाडू नये, न ऐकल्यास वाटपाचा दावा आणि नोटिशीच्या तारखेपासून नुकसानभरपाई.

पाचवी गोष्ट मागणी नव्हती, कबुली होती, आणि तिच्यावर आमच्या ऑफिसात तासभर भांडण झालं. पुराचा विषय तोवर मला कळला होता. मी लिहिलं: २०१९ च्या पुरानंतर आपण केलेल्या दुरुस्तीच्या खर्चाचा पावत्यांसह तपशील द्यावा, वाजवी खर्चातला आपापला हिस्सा सोसण्यास आमचे अशील तयार आहेत. धाकटे उखडले. "आपणच पैसे कबूल करायचे? मग नोटीस कसली?" मी म्हटलं, तुम्ही कबूल करा न करा, वाटपाच्या दाव्यात हा हिशेब न्यायाधीश काढायला लावतीलच. आज लिहिलंत तर पावत्या दाखवण्याचं ओझं त्यांच्यावर जातं आणि "माझे पैसे बुडवायला निघालेत" हे त्यांचं एकमेव खरं हत्यार बोथट होतं. ताईंनी शेवटी सांगितलं, "लिहा. गाळ त्यानंच काढलाय."

पोहोच

नोटीस तीन पत्त्यांवर गेली, रजिस्टर पोस्टाने पोहोचपावतीसह: सांगलीचं घर, दुकान आणि गावचं कुलूपबंद घर. तिसरा पत्ता केवळ नोंदीसाठी. मालमत्ता पत्रकावरचा पत्ता तोच म्हणून नवखे वकील नोटीस तिथेच पाठवतात, आणि लिफाफा "दार बंद" असा शेरा घेऊन परत येतो. कुलूप ज्याने लावलं तो आत कसा असेल? आमचाही आला. तो न फोडता तसाच फाइलला लावला.

सांगलीच्या घरच्या पोहोचपावतीवर वहिनींची सही आली. दुकानच्या लिफाफ्यावर "घेण्यास नकार". बरोबर पत्त्यावर, पूर्ण टपाल भरून पाठवलेलं रजिस्टर पत्र नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं गृहीत धरता येतं, तेव्हा त्याची चिंता नव्हती.

त्याच आठवड्यात नगर भूमापन कार्यालयात तिघांच्या नावांचा वारस नोंदीचा अर्ज टाकला. अशा नोंदीने मालकी ठरत नाही, पण पत्रकावर तीन नावं दिसली की घेणारा दोनदा विचार करतो. धाकट्यांना दुय्यम निबंधकाकडे हरकतीचा अर्जही द्यायचा होता. दिला, आणि त्याने दस्त थांबेलच असं नाही हेही त्यांना सांगितलं. मालकीचा वाद सोडवणं हे त्या कार्यालयाचं काम नाही. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मात्र मी देऊ दिली नाही. थोरल्यांचं दुकान सांगलीत, गिऱ्हाईक सांगलीचं. बाजारात नाव निघालं असतं तर त्यांनी घर पडू दिलं असतं पण किल्ली दिली नसती.

उत्तर

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. त्यात चार मुद्दे होते. बहिणीच्या लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला, म्हणून तिचा हिस्सा उरलेला नाही. राहत्या घराचं वाटप मुलीला मागता येत नाही. आईने "लिहून ठेवले आहे". आणि घराला कुलूप आहे ते केवळ सुरक्षिततेसाठी, कारण चोऱ्या वाढल्या आहेत.

पहिल्याला कायद्यात आधार नाही, लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क संपत नाही. दुसरा मुद्दा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ चा, आणि ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द आहे. समोरच्या वकीलमित्रांचा जुना नमुना अजून चालू असावा. तिसऱ्यावर मी दोन ओळींचं पत्र पाठवलं: जे लिहून ठेवले आहे त्याची प्रत द्यावी. प्रत शेवटपर्यंत आली नाही. तरी ते वाक्य दुर्लक्षिण्यासारखं नव्हतं. उद्या एखादं मृत्युपत्र निघालंच, तर २०२३ मध्ये मागूनही ते का दाखवलं नाही, हा प्रश्न आमच्या हातात राहिला.

पहिला आणि चौथा मुद्दा मात्र आमच्यासाठी सोन्याचे. पहिल्या मुद्द्यात ताईंचा हक्क सरळ नाकारला होता, म्हणजे ती तारीख कागदावर आली. शेवटच्यात कुलूप सुरक्षिततेसाठी आहे म्हटलं होतं, म्हणजे यादी करून सगळ्यांना किल्ली द्यायला हरकत घेण्याचं कारणच उरलं नव्हतं. शिवाय घर वडिलांचं होतं हे उत्तरात कुठेही नाकारलेलं नव्हतं. पुराच्या खर्चाच्या पावत्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही.

दावा आणि दार

जून २०२३ मध्ये वाटपाचा दावा दाखल केला. वादी एकट्या ताई. धाकटे प्रतिवादी क्रमांक दोन. यामागे कोर्ट फीचं कारण होतं. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने स्त्री पक्षकारांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे. धाकटे वादी झाले असते तर त्यांच्या हिश्श्याच्या किमतीवर फी भरावी लागली असती.

दाव्याबरोबर दोन अर्ज दिले. एक घर तिऱ्हाईताला देऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा. दुसरा कोर्ट कमिशनर नेमून घराची पाहणी आणि सामानाची यादी करण्याचा. मनाईचा अर्ज रेंगाळला. दुसऱ्या अर्जाला मी नोटिशीचं उत्तर जोडलं आणि युक्तिवादात एवढंच म्हटलं: कुलूप सुरक्षिततेसाठी आहे असं प्रतिवादीच म्हणतात, मग सुरक्षित काय ठेवलंय ते मोजू या. तो अर्ज मंजूर झाला.

जानेवारी २०२४ मधल्या एका शनिवारी कमिशनर म्हणून नेमलेल्या वकीलबाई, दोन पंच, तिन्ही भावंडं आणि मी दारात उभे होतो. कुलूप थोरल्यांनीच उघडलं. दार ढकललं तर उंबऱ्यापाशी अडलं, लाकूड फुगलं होतं. आत कुबट वास. माजघरावरची पाच-सहा कौलं घसरली होती आणि बंद घरात पावसाचं पाणी सरळ आत आलं होतं. २०१९ नंतर थोरल्यांनी घातलेली नवी फरशी एका कोपऱ्यात खचली होती. देव्हाऱ्याच्या मागची भिंत वाळवीने पोखरलेली. थोरले त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. हाताला माती आली. कमिशनरबाई यादी सांगत होत्या, पंच लिहीत होता: लोखंडी कपाट एक, पितळी समई दोन, तांब्याचा बंब एक, पाटा-वरवंटा एक. ताई म्हणाल्या, घंगाळ दिसत नाही. थोरले म्हणाले, पुरात गेलं. यावर पुढे काहीच करता येण्यासारखं नव्हतं, कारण पुरानंतरचा घराचा एकही फोटो कुणाकडे नव्हता.

त्या दिवशी परतताना थोरल्यांनी धाकट्याला विचारलं, "जेवलास का रे?" मी त्यावरून फारसा अर्थ काढला नाही, पण पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलांनी स्वतःहून मध्यस्थीची तयारी दाखवली.

तडजोड

तिन्ही खोल्यांचे सरस-निरस मानाने तीन तुकडे पाडणं शक्य होतं, पण कुणालाच नको होतं. विकून पैसे वाटायला थोरले तयार नव्हते. घर त्यांनी घ्यावं आणि दोघांना पैसे द्यावेत असं ठरलं. शासनमान्य मूल्यांककाने किंमत बेचाळीस लाख काढली, म्हणजे प्रत्येकी चौदा लाख. पुराच्या खर्चाच्या पावत्या आता बाहेर आल्या. चार लाखांपैकी दोन लाख साठ हजारांच्या निघाल्या. धाकट्याचे वीस हजार वजा जाता दोन लाख चाळीस हजार थोरल्यांचे. हे वीस हजार थोरल्यांनीच आठवणीने सांगितले. एकूण खर्च तिघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे शहाऐंशी हजार सहाशे सदुसष्ट येतात. ताईंच्या चौदा लाखांतून तेवढे वजा, धाकट्यांच्या रकमेतून वीस हजार सोडून बाकीचे. बंद काळाच्या नुकसानभरपाईची मागणी आम्ही सोडली. कौलं आणि फरशी थोरल्यांच्याच गळ्यात पडणार होती.

तडजोड लोकन्यायालयात नोंदवली. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसतं. रक्कम दोन हप्त्यांत. पहिला वेळेवर आला. दुसरा चार महिने उशिरा, वसुलीची दरखास्त दाखल करण्याची तयारी झाल्यावर. गणपती त्याच घरात बसेल आणि दोघांना यायची मुभा राहील असंही एक कलम आहे. ते कलम कुणी मोडलं तर अंमलबजावणी कशी करायची हे मला विचारू नका. ताईंच्या आग्रहाखातर घातलं.

आज पुन्हा करायचं तर

नोटिशीत "पंधरा दिवसांत किल्ली द्यावी" हे माझं वाक्य ढिलं होतं. आज मी दिवस आणि वेळ लिहीन: अमुक रविवारी सकाळी अकराला आमचे अशील दोन पंचांसह दारात हजर राहतील, आपण किल्लीसह यावे. मग न येणं हाच नकार ठरतो, पंचांची टिपणं हाताशी येतात, आणि "आम्ही देणारच होतो" म्हणायला जागा उरत नाही. उत्तर सत्तावीस दिवसांनी येऊनही आम्हाला ते उशिराचं म्हणून वापरता आलं नाही, ते याच ढिलाईमुळे.

कमिशनरच्या अर्जाला मी मनाईच्या अर्जाइतकंच महत्त्व दिलं, पहिल्या दिवसापासून त्यावरच जोर धरला असता तर २०२३ चा पावसाळा कदाचित वाचला असता. आणि कलम ६ चे ते अठरा दिवस अधूनमधून आठवतात. दावा टिकला असता की नाही सांगता येत नाही. पण दार वर्षभर आधी उघडलं असतं तर देव्हाऱ्यामागची भिंत उभी राहिली असती. थोरल्यांनी ती गेल्या उन्हाळ्यात पाडून नव्याने बांधली, आणि यावेळी प्रत्येक पावती दोघांना व्हॉट्सॲपवर पाठवली, घर आता त्यांचं एकट्याचं असूनही.